एकशे चौऱ्याण्णव सेंटिमीटरवरची फळी

आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर गेले नऊ दिवस एक कागद लटकतो आहे. ‘दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरूंच्या वैयक्तिक हौसेमुळे शनिवारी चार घरांचा पाणीपुरवठा खंडित झाला. सर्व रहिवाशांनी बोध घ्यावा.’ खाली सेक्रेटरींची सही आणि सहीखाली दोन रेघा. माझा आक्षेप कागदाला नाही, ‘हौसेमुळे’ या शब्दाला आहे. स्वयंपाकघरातली एक फळी चौदा सेंटिमीटर खाली आणणं ही हौस कशी काय होते? हौस म्हणजे मासे पाळणं. मी जे केलं ते गरजेपोटी केलं, हिशेब करून केलं, आणि परवानगी काढून केलं. तरीही लोक जिन्यात माझ्याकडे बघून हसतात. पहिल्या मजल्यावरचं शेंबडं पोर मला ‘पाणीवाले काका’ म्हणतं. माझं वय सत्तावीस आहे.

तेव्हा खरं काय झालं ते मीच लिहून ठेवतो.

माझ्या लग्नाला तेव्हा नऊ आठवडे झाले होते. लग्न मावशीने जमवलं. दोन माहितीपत्रकं इकडून तिकडे गेली, दोन घरं एकमेकांकडे चहाला गेली, आम्हा दोघांना गच्चीवर वीस मिनिटं ‘मोकळेपणाने बोला’ म्हणून सोडण्यात आलं आणि खाली अकरा माणसं आमचं मोकळेपण संपायची वाट बघत बसली. त्या वीस मिनिटांत मी तिला विचारलं, “काम आवडतं का?” ती म्हणाली, “हो.” तिने मला विचारलं, “प्रवास आवडतो का?” मी म्हणालो, “हो.” दोन्ही उत्तरं खरी होती. एवढ्याशा माहितीवर आयुष्याचा निष्कर्ष काढण्याची परवानगी आमच्या प्रयोगशाळेत कोणी कोणाला देणार नाही, पण घरच्यांनी ती दिली.

आमची प्रयोगशाळा म्हणजे वजनमापांची. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपाची मापं, दवाखान्यातले तापमापक खरं बोलतात की नाही हे तपासणं माझं काम. थोडक्यात, कशावर काय लिहिलंय यावर विश्वास न ठेवण्याचा मी पगार घेतो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझी यावरूनच लाज निघणार आहे.

ती चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्याच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘हे बरं की ते बरं?’ विचारते आणि शेवटी नंबर लिहून देते.

नऊ आठवड्यांत आमचं भांडण झालं नव्हतं. दर रविवारी मावशी फोनवर विचारायची, “काय रे, सूर जुळले का?” आणि मी म्हणायचो, “हो, उत्तम.” खरं सांगायचं तर सूर जुळण्याची वेळच आली नव्हती, कारण दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं. आमच्या घरात इतकी सभ्यता साचली होती की चालताना तिच्यावरून पाय घसरावा. ताटात शेवटचा घास कोणीच घ्यायचं नाही, तो फ्रिजमध्ये जायचा आणि तिसऱ्या दिवशी फेकला जायचा. पंखा तिला किती हवा ते मला माहीत नव्हतं म्हणून मी तीनवर ठेवायचो. मला किती हवा ते तिला माहीत नव्हतं म्हणून ती तीनला हात लावायची नाही. मला पाच लागतो. अहो-जाहो करायचं की अरे-तुरे हे ठरलं नव्हतं, म्हणून आम्ही ‘चहा हवा का?’, ‘किल्ली कुठे आहे?’ अशा वाक्यांवर दिवस काढत होतो. दोन चांगले प्रवासी एका प्रतीक्षालयात बसावेत आणि मधल्या खुर्चीवर कोणीच पिशवी ठेवू नये, तसं.

मला तिच्याबद्दल काय वाटत होतं? मी याचा प्रामाणिकपणे विचार केला होता. कुतूहल वाटत होतं. तिने मला मूर्ख समजू नये असं फार वाटत होतं. संध्याकाळी तिच्या चपला दाराशी दिसल्या की बरं वाटायचं, पण बरं वाटणं म्हणजे ते नव्हे, एवढं मलाही कळतं. ‘ते’ मात्र नव्हतं. आणि ते नाही हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण विचारणाऱ्या प्रत्येकाने उत्तर आधीच ठरवलेलं असायचं.

अशातच ते पत्र आलं. तिच्या दुकानाच्या मुख्य कार्यालयाने तिला लहान मुलांचे डोळे तपासण्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी निवडलं होतं. दुसऱ्या शहरात, राहण्याच्या सोयीसकट. होकार किंवा नकार वीस तारखेपर्यंत कळवायचा. तिने पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि विचारलं, “काय वाटतं?”

“योग्य वाटेल ते करावं,” मी म्हणालो.

“घरी अडचण होईल का?”

“छे, माझी काळजी नको.”

यात माझं काय चुकलं ते मला आजही कोणीतरी बसवून समजावून सांगावं. मी तिच्या आड येत नव्हतो. पण ती “बरं” म्हणाली आणि त्या ‘बरं’चा आवाज मला आवडला नाही. ती सहा महिने गेली तर? आमच्यात अजून ओळखच तयार नव्हती. सहा महिन्यांनी ती परत आली असती तर पुन्हा गच्चीवरच्या वीस मिनिटांपासून सुरुवात करावी लागली असती. ती जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ‘जाऊ नकोस’ म्हणायला हक्क लागतो, आणि तो कशाच्या जोरावर मागायचा? प्रेम असतं तर त्याच्या जोरावर मागितला असता.

दुसऱ्याच दिवशी विसरलेली फाइल घ्यायला मी मधल्या वेळेत घरी आलो. तिच्या दुकानाला सुट्टी होती. स्वयंपाकघरात ती तीन पायांच्या डुगडुगत्या स्टुलावर, एका पायाच्या चवड्यावर उभी होती. हात वरच्या फळीवरच्या चहाच्या डब्याकडे. मला बघून ती खाली उतरली.

“जाळं काढत होते,” ती म्हणाली.

जाळं नव्हतं. मी नंतर बघितलं.

आणि मला उत्तर मिळालं. शब्दांत सांगता येत नसेल तर फळीत सांगावं! तिने न मागता, तिला न सांगता फळी खाली आणायची. ती दुकानातून येईल, हात वर करेल आणि डबा हातात येईल. मग ती फ्रिजवरच्या पत्राकडे बघेल आणि विचार करेल. योजनेत तेव्हा मला एकही छिद्र दिसत नव्हतं. छिद्रं पुढे पडली.

एक गोष्ट इथे कबूल करतो. सकाळचा चहा मी करायचो, आणि डबा काढायला मीही स्टुलावर चढायचो. पण ते वेगळं. माझ्या माहितीपत्रकावर माझी उंची १७६ लिहिलेली होती. वडिलांनी लिहिली होती. मी १७० आहे. १७६ उंचीच्या माणसाला बायकोसमोर ‘हात पुरत नाही’ असं म्हणता येत नाही, म्हणून मी ती उठायच्या आत चढून उतरून मोकळा व्हायचो. डबा तिथे तिने ठेवला होता, घर लावलं त्या पहिल्याच दिवशी. तिची मांडणी. मी ती मोडणार नव्हतो.

आता हिशेब. उभ्या माणसाचा हात साधारण त्याच्या उंचीच्या एक पूर्णांक दोन दशांश पटीपर्यंत वस्तू पकडू शकतो. तिच्या माहितीपत्रकावर उंची १६३. गुणाकार १९५.६. फळी होती २०८ वर. दीड सेंटिमीटर सवलत धरून मी नवी उंची ठरवली, १९४. भिंतीवर पेन्सिलने पातळीमापक लावून रेघ मारली आणि ती दिसू नये म्हणून त्यावर दिनदर्शिका टांगली.

दिनदर्शिका इतक्या वर का, असं तिने विचारलं नाही. आमच्याकडे कोणीच काही विचारायचं नाही.

मग सेक्रेटरी. भिंतीत भोक पाडायचं तर ‘अंतर्गत बदल’ नावाचा अर्ज लागतो. अर्जाला घरमालकाची संमती लागते. घरमालक मुलीकडे गेले होते. त्यांनी संमती फोनवर दिली, पण सेक्रेटरी म्हणाले, “फोन फायलीत लावता येत नाही.” लेखी संमती आली तर त्यात फळीचा उल्लेख ‘फडताळ’ असा होता. “अर्जात फळी, संमतीत फडताळ. नक्की काय करताय तुम्ही आत?” सेक्रेटरींनी चष्मा खाली करून विचारलं. मी त्यांना चौदा सेंटिमीटर समजावून सांगितले. ते म्हणाले, “आकृती जोडा.” मी आकृती जोडली. ते म्हणाले, “मोजमाप इंचात लागतं.” वजनमापांच्या माणसाला इंचात लिहायला लावणं म्हणजे काय असतं ते कोणाला कळणार नाही. मी लिहिलं.

सगळ्यात वाईट रकाना शेवटी होता. ‘सहनिवासी व्यक्तीची स्वाक्षरी’. म्हणजे गुपिताचे बारा वाजले! मी तो कागद वीजबिल आणि पाण्याच्या पावतीच्या मध्ये घालून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, “सोसायटीचं काहीतरी आहे, सही लागते.” तिने पेन घेतलं. कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मग सही केली. बघितलं म्हणजे नजर फिरवली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दिवसभर बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या बाईबद्दल ही समजूत मी कशी करून घेतली, कोण जाणे.

सेक्रेटरींकडे अर्ज गेला म्हणजे इमारतीकडे गेला. समोरच्या काकू दारातच भेटल्या.

“फळी खाली आणतोयस म्हणे? आण, आण. पण एकदा खाली आणलीस की पुढे सगळंच खाली आणायला लावते बाई. आमच्यांनी पलंगाचे पाय कापले होते.”

वरच्या मजल्यावरचे निवृत्त भूमापक स्वतः फीत घेऊन आले, ओट्यापासून छतापर्यंत मोजलं आणि म्हणाले, “आपली इमारत पूर्वेकडे नऊ मिलिमीटर कलली आहे.” फळीबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, “फळीशी माझा संबंध नाही.” आणि चहा घेऊन गेले. चहासाठी डबा काढायला मला त्यांच्यादेखत स्टुलावर चढावं लागलं. “उंची किती तुमची?” त्यांनी विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

शनिवारी, अठरा तारखेला, दहा ते बारा भोक पाडण्याची परवानगी मिळाली. ती दुकानात. सुतार आला. त्याने फळी उतरवली, दिनदर्शिका काढली, रेघ बघितली, डबा बघितला, मला बघितलं.

“साहेब, त्यापेक्षा डबा ओट्यावर का नाही ठेवत?”

मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी खोटी मापं वापरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे. “ती त्यांची मांडणी आहे,” मी म्हणालो. “आपण फक्त फळी लावायची.”

“बरं,” तो म्हणाला. पुन्हा तसलंच ‘बरं’.

डाव्या बाजूचं भोक उत्तम पडलं. उजव्या बाजूचं पडत असताना ड्रिलचा आवाज बदलला. आधी भिंत घोगरं बोलत होती, मग एकदम गुळगुळीत बोलली, आणि मग तिच्यातून माझ्या तोंडावर पाणी आलं. पाईप भिंतीत त्याच जागी होता. इमारतीच्या नकाशात तो दुसऱ्या भिंतीत दाखवला आहे, हे मी नंतर सेक्रेटरींना नकाशासकट दाखवलं. ते म्हणाले, “नकाशा जुना आहे.” म्हणजे चूक नकाशाची, पण फलकावर नाव माझं.

मी भोकावर अंगठा दाबून उभा. सुतार मुख्य झडप शोधायला खाली धावला. ती सेक्रेटरींच्या कुलपात. सेक्रेटरी दाढीला गेलेले. पलीकडच्या घरातून कोणीतरी भिंतीवर मूठ आपटून ओरडलं, “साबण लावलाय मी! साबण!” काकू दारातून डोकावल्या. “अंगठा काढू नकोस हं,” म्हणाल्या. जसा मी हौसेनेच लावला होता! आणि त्यांनी तिला फोन केला.

ती आली तेव्हा सेक्रेटरींच्या घरून किल्ली मिळून पाणी बंद झालं होतं. सुतार नळदुरुस्तीवाल्याला आणायला गेला होता. ओट्यावर पाणी, जमिनीवर पोपडे, मी भिजलेला, आणि भिंतीवर फक्त रेघ शिल्लक. तिने पर्स ठेवली, चपला बाजूला केल्या आणि रेघेकडे बघितलं.

“ही उंची कोणासाठी?”

“तुमच्यासाठी,” मी म्हणालो. केसांतलं पाणी डोळ्यांत जात होतं. “हात वर करा. बघा. बरोबर पोहोचेल.”

तिने हात वर केला. बोटं रेघेच्या खाली थांबली. ती चवड्यांवर गेली. तरी खालीच. मी तिला टाचा टेकायला लावून खिशातल्या फितीने मोजलं. आठ सेंटिमीटर.

“शक्य नाही,” मी म्हणालो. “एकशे त्रेसष्टच्या हिशेबाने...”

“एकशे पंचावन्न.”

“माहितीपत्रकावर एकशे त्रेसष्ट आहे!”

“आईने लिहिलं. ती म्हणाली, लग्न होईपर्यंत वाढेलही.”

“चोविसाव्या वर्षी?” माझा आवाज चढला. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा चढला. “आठ सेंटिमीटर! पाच टक्क्यांवर चूक! असा तराजू मी जागच्या जागी सील करतो!”

“आणि स्वतःची किती आहे?” ती म्हणाली. तिचाही चढला होता. “एकशे शहात्तर ना? मग रोज सकाळी स्टूल का सरकतं? मला झोपेत ऐकू येत नाही असं वाटतं तुम्हाला?”

मी फीत गुंडाळून खिशात घातली. पलीकडचा साबणवाला तेवढा शिव्या देत होता.

“डबा वर मी ठेवला,” ती म्हणाली. “घर लावताना. म्हटलं, चहा हे करतात, उंच आहेत, वाकायला नको. पहिल्याच आठवड्यात कळलं उंच नाहीत. पण तुम्ही रोज तिथूनच काढत होतात आणि तिथेच ठेवत होतात. मला वाटलं, तिथेच आवडतो. मग तुम्ही घरी नसताना मीही स्टुलावर.”

“मला वाटलं ती तुमची मांडणी आहे.”

“मला वाटलं ती तुमची सवय आहे.”

“आणि सही केली तेव्हा वाचलं नाही?”

“सगळं वाचलं. इंचांतही वाचलं. वाटलं, तुम्हाला हात पुरत नाही म्हणून खाली आणताय. लाज वाटत असेल म्हणून बोलला नाहीत. मग मी कशाला विचारू?”

मी ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यावर बसलो. मला भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा याची यादी करता करता माझंच नाव पुन्हा पुन्हा वर येत होतं. एक तराजूवाला आणि एक डोळेवाली, एका घरात, दोन कागदांवर विश्वास ठेवून नऊ आठवडे एकाच स्टुलावर आळीपाळीने चढत होते. आणि सुताराने एका वाक्यात सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

“हे सगळं कशासाठी?” तिने विचारलं.

फ्रिजवर पत्र होतं. त्यावरही पाणी उडालं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तिनेही बघितलं.

“मला सांगता येत नाही,” मी म्हणालो. “लोक विचारतात, सूर जुळले का, आवडली का. मला अजून तसं काही... म्हणजे प्रेम वगैरे म्हणतात ते अजून नाही. खोटं कशाला बोलू?”

बोलून झाल्यावर मला वाटलं, संपलं. आता ती बॅग भरेल.

ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. “माझंही नाही,” ती म्हणाली. तिचा खांदा इतका सैल झाला की मला दिसला. “बरं झालं बाई. मला वाटत होतं, माझ्या एकटीचंच राहिलंय.”

“मग आता?”

“आमच्याकडे माणूस आला की ‘तुम्हाला कसं दिसतं?’ असं कधी विचारत नाही. विचारलं तर सगळे म्हणतात, छान दिसतं. कारण कसं दिसायला हवं तेच माहीत नसतं. म्हणून दोन काचा दाखवायच्या. हे बरं की ते बरं. एवढं कोणालाही सांगता येतं.” तिने ओला हात माझ्या एका डोळ्यासमोर धरला, दुकानात धरत असेल तसा. “मी सहा महिने गेले. घर असं, सोमवार असा, संध्याकाळ अशी. ही एक काच. मी इथेच आहे. ही दुसरी. कुठलं स्पष्ट?”

मी खरोखर बघितलं. घाई केली नाही. दाराशी चपला नसलेली संध्याकाळ बघितली, असलेली बघितली.

“दुसरं,” मी म्हणालो. “पण फरक थोडा आहे.”

“थोडाच असतो,” ती म्हणाली. “नंबर त्यावरच लिहितात.”

“आणि तुम्हाला?”

तिने स्वतःचा डोळा झाकला. “गेले तर काम स्पष्ट, घर धूसर. राहिले तर घर थोडं बरं, काम धूसर.” मग हात काढून म्हणाली, “सहा महिन्यांनी त्यांची दुसरी तुकडी निघते. मला आधीच माहीत होतं. पण ‘माझी काळजी नको’ म्हणणाऱ्या माणसासाठी थांबावं की नाही, कळत नव्हतं.”

“काळजी हवी आहे,” मी म्हणालो. “आणि पंखा पाचवर.”

“मला दोनवर लागतो.”

हे आमचं पहिलं खरं भांडण. तेवढ्यात सेक्रेटरी दाढीचा अर्धा फेस तसाच ठेवून दारात आले. त्यांनी मला बोलायला सुरुवात केली तर ती उठून म्हणाली, “ओरडू नका, अर्जावर माझीही सही आहे.” माझ्या बाजूने कोणी असं उभं राहिल्याचं मला आठवत नाही. मी त्याची नोंद घेतली.

दुसऱ्या तुकडीत जागा धरावी, असं तिने वीस तारखेला कळवलं. सहा महिन्यांनी ती जाईल, आणि मी तेव्हा पुन्हा दोन काचा बघीन. या वेळी फरक मोठा दिसेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. मावशीला मी रविवारी सांगितलं, “सूर अजून नाहीत, आवाज आहे.” तिने घाबरून आणखी दोन वेळा फोन केला.

राहिली फळी. सेक्रेटरींनी लेखी आदेश काढला की पाईपच्या वरच लावायची. त्यामुळे ती आता २२१ सेंटिमीटरवर आहे. तिथे ती पोहोचत नाही, मी पोहोचत नाही, १७६ उंचीचा माणूस असता तर तोही पोहोचला नसता. काल तिने मला हाक मारली, “अरे, तू स्टूल धर,” आणि वर चढून तिने आमची दोन्ही माहितीपत्रकं तिथे ठेवून दिली. चहाचा डबा ओट्यावर असतो.

सूचनाफलकावरचा कागद मात्र अजून आहे. ‘हौसेमुळे’ हा शब्द वगळावा असा अर्ज मी दिला आहे. सहनिवासी व्यक्तीची सही या वेळी मी मागितली नाही. तिने आपणहून केली, आणि शब्दाखाली दोन रेघाही मारल्या.